प्रश्नावलीतील दोनतोंडी प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, आणि तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ही व्यवस्था ठाऊक नसलेल्या एखाद्या कारकुनाने कचेरीत बसून प्रश्नावली तयार केली आणि तीत ‘आपण ऊसतोड करता व त्याची मजुरी घेता काय?’ असा प्रश्न घातला, असे क्षणभर कल्पावे. पहाटेपासून ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई याला काय उत्तर देईल? तोडते खरी, परंतु उचल नवऱ्याच्या नावे, मुकादमाचा हिशेबही त्याच्याशीच. ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, आणि तिचे सबंध हंगामाचे श्रम तक्त्यातून नाहीसे होतात. एका वाक्यात दोन प्रश्न कोंबले असता उत्तर नेमके कोणत्या अर्ध्याला दिले, हे पुढे कोणत्याही गणिताने उलगडत नाही. ‘तुम्ही घरच सांभाळता ना?’ असे विचारले तर विपर्यास अधिकच सूक्ष्म होतो; कारण त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच गृहीत असते आणि सरकारी माणसाशी वाद घालण्याची आपल्याकडे रीत नाही.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. १९६१च्या जनगणनेत हंगामी काम नियमितपणे करणाऱ्यासही कामगार धरले होते. १९७१मध्ये ‘मुख्य व्यवसाय’ विचारला गेला, तेव्हा शेतात राबणाऱ्या असंख्य स्त्रिया गृहिणी म्हणून नोंदल्या गेल्या, आणि देशातील स्त्री-कामगारांची संख्या सुमारे सहा कोटींवरून जवळजवळ तीन कोटींवर उतरली. दहा वर्षांत निम्म्या बायका घरी बसल्या, असे कोण म्हणेल! पुढे १९९१मध्ये शेतावरील वा घरच्या उद्योगातील बिनमोबदला कामही धरावे, असे प्रश्नातच स्पष्ट करावे लागले.

येथे एक भ्रम पुष्कळांना असतो, की अधिक माणसांना विचारले म्हणजे चूक आपोआप धुऊन निघते. नमुना लहान असल्याने येणारी अनिश्चितता तशी घटते खरी. शब्दरचनेने आलेला कल मात्र शंभरांत जितका, तितकाच दहा हजारांत राहतो. तो ओळखण्याचा मार्ग असा, की काही घरांत, चिठ्ठ्या टाकून, एका मसुद्याने व उरलेल्यांत दुसऱ्याने विचारावे. दोन्हींच्या उत्तरांत ठळक तफावत पडली, तर दोष बहुधा शब्दांत आहे असे समजावे. वरच्या प्रश्नाचे तर सरळ तुकडेच करावेत: गेल्या हंगामात ऊस तोडला किंवा मोळ्या बांधल्या काय, उचल कोणाच्या नावे होती, हिशेबाचे पैसे कोणाच्या हाती आले. एवढे करूनही बाईऐवजी शेजारी उभा असलेला नवरा उत्तर देऊ लागला, तर ती गोष्ट प्रगणकाने समासात नोंदवावी. कारण मसुदा कितीही निर्दोष असला, तरी तो फर्दीवर कोणाचे उत्तर उतरले हे सांगत नाही.