दुखण्यातली सोबत

घरचे माणूस आजारी पडले की पहिल्या दिवशी सगळेच विचारपूस करतात. खरी माया कळते ती दहाव्या दिवशी.

संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले म्हणून पती संतापले, त्यांना सोडून जायला निघाले आणि तापाने पडले. महिनाभर बहिणाबाई उशाशी बसल्या. हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. परतफेडीची आशा नव्हती. बरे होता होता पतीचेच मन पालटले.

पण सेवा एकट्या बाईच्याच वाट्याची नव्हे. आपल्या वाशीमकडे सोयाबीन सोंगणीच्या घाईत बायकोला ताप आला, तर नवरा न सांगता पाणी भरतो, चूल पेटवतो, की 'केव्हा उठशील?' एवढेच विचारतो? जोडीदाराला जोखण्याआधी हे स्वतःला विचारा.