तीन शहरांची सरासरी

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. कारखान्यांचे सांडपाणी तिने वर्षानुवर्षे पोटात घेतले आहे. बदलापूर मात्र उल्हास नदीकाठचे. समजा, एखाद्या अभ्यासकाने अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही शहरांतल्या नदीप्रदूषणाची सरासरी एका रकान्यात मांडली आणि शेजारी दर हजार बालकांमागे थॅलेसेमियाचे रुग्ण लिहिले. उल्हासनगर दोन्हीकडे वर दिसण्याचा संभव मोठा. मग नदीने मुलांचे रक्त नासवले, हा निष्कर्ष आपसूक निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल.

थॅलेसेमिया आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सिंधी समाजात या रोगाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आढळतात. हिशेबापुरते धरू, की वाहक १० टक्के आहेत आणि लग्ने समाजातच होतात. मग शंभरातल्या एका जोडप्यात दोघेही वाहक, म्हणजे ४०० जन्मांमागे एक रुग्ण. वाहक ३ टक्केच असते, तर सुमारे ४,४०० जन्मांमागे एक. वाहक तिपटीहून थोडे जास्त, पण रोग अकरापट! एवढी तफावत नदीचा थेंबही न शिवता तयार होते.

रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५० साली सरासरीवरून माणसांविषयी निष्कर्ष काढण्याचा हाच धोका आकड्यांनिशी दाखवला. १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. माणसागणिक पाहिले, तर तेच लोक स्थानिकांपेक्षा किंचित अधिक निरक्षर निघाले. ते स्थायिक झाले होते साक्षर राज्यांत, एवढेच.

वालधुनीवरचा आरोप तपासायचा तर शहराशहरांची तुलना सोडून उल्हासनगरच्या आत शिरावे लागेल. एकाच समाजातली नदीकाठची घरे आणि दूरची घरे घ्यावीत. दोन्हीकडे थॅलेसेमिया सारखाच आढळला, तर या रोगापुरती नदी निर्दोष. दमा किंवा कर्करोगाचा प्रश्न याहून अवघड आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात सुमारे ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांवर गेली. तिथे आज आजारी पडलेल्या माणसाने वीस वर्षांपूर्वीचा श्वास कुठल्या गावी घेतला, आणि आजही तो लोकलने मुंबईला जाऊन दिवस तिथेच घालवतो का, हे शहराच्या सरासरीत कुठेच उमटत नाही.

तरी शहरवार आकडे टाकाऊ नाहीत. रक्तपेढी कुठे हवी, लग्नाआधीची रक्ततपासणी कुठे आधी पोहोचवायची, हे त्यांच्यावरूनच ठरवावे. रोगाचे कारण मात्र त्यांच्यावरून ठरवू नये. त्यासाठी घरोघरीच जावे लागते.