कोणत्या होकाराचा नकार?

'लिहीत नाही', 'लिहिलं नाही', 'लिहिणार नाही'. या तिन्ही मराठी वाक्यांत काळ दाखवण्याचं काम क्रियापद करतं, 'नाही' मात्र तसंच राहतं. प्रमाण अरबीत हे काम नकाराकडे जातं. 'यक्तुबु' म्हणजे 'तो लिहितो'. याच रूपापुढे 'ला' आला की 'लिहीत नाही', 'लम्' आला की 'लिहिलं नाही', 'लन्' आला की 'लिहिणार नाही'. क्रियापदाचा फक्त शेवट हलतो: 'ला'नंतर उ टिकतो, 'लन्'नंतर त्याचा अ होतो, 'लम्'नंतर स्वरच गळतो.

म्हणूनच शिकणारा हमखास 'लम् कतब' म्हणून चुकतो. 'कतब' म्हणजे 'त्याने लिहिलं', आणि अर्थ भूतकाळाचा हवा म्हणून तो भूतरूप उचलतो. पण भूतकाळ 'लम्'मध्येच आलेला असतो. भूतरूप ठेवायचंच असेल तर 'मा' हवा: 'मा कतब'.

मग एकाच अर्थाला दोन नकार कशाला? आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेल्या सीबवैहीने 'अल्-किताब'मध्ये याचं फार नेमकं उत्तर दिलं आहे. तो नकाराची जोडी होकाराशी लावतो. साध्या 'त्याने केलं'चा नकार 'लम्'ने होतो. 'खरोखर, त्याने केलंच' अशा ठासून केलेल्या विधानाचा 'मा'ने. 'तो करील'चा 'लन्'ने. तक्ता घोकण्यापेक्षा ही दृष्टी कितीतरी उपयोगी आहे. आधी शोधायचं, समोरचं कोणतं विधान खोडायचं आहे?

विधानात क्रियापदच नसेल तर? 'अल्-बैतु कबीरुन्', घर मोठं आहे. इथे 'लैस' लागतं आणि विशेषणाचा शेवट बदलतो: 'लैस-ल्-बैतु कबीरन्'. मराठीच्या 'नाही, नाहीस, नाहीत'सारखं हे 'लैस'ही पुरुष-वचनानुसार चालतं. 'मी नाही' म्हणजे 'लस्तु'. पण ते वर्तमानापुरतंच. 'नव्हतं' म्हणायला पुन्हा 'लम्'कडे यावं लागतं: 'लम् यकुन्'.

या 'यकुन्'मध्ये एक बारीक गोष्ट आहे. मूळ रूप 'यकूनु', दीर्घ ऊचं. 'लम्'ने शेवटचा स्वर काढला की दीर्घ स्वरापाठोपाठ स्वरहीन व्यंजन येतं. अरबीला ते चालत नाही, म्हणून ऊ आखूड होतो. 'यकूलु', म्हणजे 'म्हणतो', याचंही 'लम् यकुल्' होतं. अनेकवचनात मात्र ल्‌ला स्वर मिळतो, म्हणून 'लम् यकूलू'मध्ये पहिला ऊ शाबूत राहतो. गळतो तो 'यकूलून'मधला शेवटचा न.

छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे 'ला तक्तुबु' (तू लिहीत नाहीस) आणि 'ला तक्तुब्' (लिहू नकोस) कागदावर एकसारखेच दिसतात. वाचकाला संदर्भावरूनच ठरवावं लागतं. तेच अनेकांना उद्देशून असेल तर शंका उरत नाही: 'ला तक्तुबून' हे विधान, शेवटचा 'न' गळून उरलेलं 'ला तक्तुबू' ही मनाई.