खटला उभा राहण्याआधी

चांदवडहून मुंबई–आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालं की मालेगाव फार लांब नाही. त्या शहरात दोन वर्षांच्या अंतराने दोनदा बॉम्बस्फोट झाले. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक परिसरातील स्फोटांत तीसहून अधिक माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकातील स्फोटात सहा जणांनी जीव गमावला. दोन्ही प्रकरणं मुंबईच्या विशेष न्यायालयात गेली आणि दोन्हींत साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्याआधी एकच प्रश्न विचारला गेला: हाती असलेल्या कागदांवर खटला चालवण्याइतका आधार आहे का? २००६ च्या प्रकरणात पहिल्या तपासात पकडलेल्या आरोपींना दोषमुक्त केलं गेलं. २००८ च्या प्रकरणात प्रमुख आरोपींचे अर्ज फेटाळले गेले आणि पुढे पूर्ण खटल्यानंतर ते निर्दोष सुटले. हे दोन्ही आदेश आपापल्या जागी बरोबर होते, असं मला वाटतं. ते का, हे कळलं तर या टप्प्याचा सगळा कायदा कळतो.

आधी कसोटी. सत्र न्यायालयासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२७ होतं. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५० आहे. पुढे जाण्यास पुरेसा आधार नसेल तर न्यायाधीशाने आरोपीला मोकळं करायचं आणि त्याची कारणं लिहायची, एवढंच हे कलम सांगतं. 'पुरेसा' म्हणजे किती, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली प्रफुल्लकुमार सामल प्रकरणात दिलं आणि आजही प्रत्येक दोषमुक्ती अर्जात ते उद्धृत होतं. न्यायाधीशाने आरोपपत्रातलं साहित्य चाळावं, मर्यादित हेतूने तोलावंही. नुसता संशय पुरत नाही, गंभीर संशय हवा. पण खटला संपल्यासारखी पुराव्याची चिरफाड करू नये. कोर्टात वकील हेच सोप्या शब्दांत मांडतात: सरकार पक्षाचा प्रत्येक कागद जसाच्या तसा खरा धरला, एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही असं मानलं, तरी शिक्षा होऊ शकते का? होऊ शकत नसेल तर खटला कशासाठी?

इथे आरोपीचे हात बांधलेले असतात, हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. २००४ च्या देवेंद्रनाथ पाढी निकालापासून स्थिती स्पष्ट आहे: आरोप निश्चितीच्या वेळी न्यायालय पाहतं ते सरकार पक्षाने ठेवलेलं साहित्य. आरोपीने आपला रेल्वेचा पास, दवाखान्याची पावती किंवा 'मी त्या दिवशी दुसऱ्या गावी होतो' असं सांगणारा साक्षीदार आणला, तरी तो बचावाच्या पुराव्यात मोडतो आणि त्याची पाळी खटल्यात येते. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रुक्मिणी नार्वेकर प्रकरणात २००८ साली या नियमाला अगदी अरुंद फट ठेवली गेली. सरकार पक्षाची कहाणी मुळातच अशक्य ठरवणारं, निर्विवाद साहित्य असेल तर क्वचित प्रसंगी ते पाहता येईल, इतकीच.

आता २००६ च्या प्रकरणाकडे पाहू. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, नऊ जणांवर मकोकाखाली आरोपपत्र ठेवलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला, तिनेही तीच दिशा धरली. आरोपांचा मोठा भार कबुलीजबाबांवर होता. एरवी पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही; मकोकाच्या कलम १८ मुळे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली येते. आरोपींनी हे जबाब नाकारले होते, पण नाकारलेला जबाबही कागदावर असतोच. तपास तिथेच थांबला असता तर दोषमुक्तीचा अर्ज टिकला असता असं मला वाटत नाही. जबाब कसे घेतले गेले, हे खटल्यात तपासू, असं म्हणून न्यायालयाने आरोप निश्चित केले असते.

चित्र बदललं ते २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे, एनआयएकडे, गेल्यावर. त्याच वर्षी आरोपींना जामीन मिळाला. मे २०१३ मध्ये एनआयएने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवलं. पहिल्या तपासातल्या एका आरोपीबद्दल स्फोटाच्या वेळी तो दूर यवतमाळ जिल्ह्यात होता, आणि दुसऱ्याबद्दल तो त्याआधीपासूनच पोलीस कोठडीत होता, असं साहित्यही समोर आलं. हीच बाब आरोपीने स्वतः मांडली असती तर 'बचाव आहे, खटल्यात सांगा' असं उत्तर मिळालं असतं. पण ती तपास यंत्रणेच्या कागदांतून आली, म्हणून पाढी निकालाची भिंत आडवी आली नाही. शिवाय डिसेंबर २०१२ च्या विनय त्यागी निकालाने सांगितलं होतं की पहिलं आरोपपत्र आणि पुढचे पुरवणी अहवाल एकत्र वाचायचे. एक बाजूला सारून दुसरं उचलायचं नाही. एकत्र वाचल्यावर पहिली कहाणी जागेवर उभी राहू शकत नव्हती. कोठडीतला माणूस बाहेर जाऊन कट पार पाडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या आरोपींना दोषमुक्त केलं. त्यांच्यापैकी एक जण तोवर अपघातात वारला होता.

त्या आदेशात न्यायाधीशांनी एक युक्तिवाद असाही दिला की मुस्लिम आरोपी पवित्र दिवशी आपल्याच समाजाच्या लोकांना मारतील, हे पटण्यासारखं नाही. आदेशाचा हा सर्वांत कच्चा भाग आहे. कोणता समाज काय करेल, याच्या अंदाजावर आरोप टिकत नाही आणि पडतही नाही. त्याच्या शेजारी ठेवलेला कोठडीचा कागद मात्र पुरेसा भक्कम होता.

२००८ च्या प्रकरणातही वरवर तसंच घडलं. एटीएसने आरोपपत्र ठेवलं, नंतर तपास एनआयएकडे गेला, आणि मे २०१६ मध्ये तिने पुरवणी आरोपपत्रात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह काही जणांविरुद्ध पुरावा नाही असं सांगितलं. मकोकाही लागू होत नाही असं म्हटलं. तपास यंत्रणाच 'पुरावा नाही' म्हणते, मग खटला कशाला, असा बचाव पक्षाचा साधा प्रश्न होता. २७ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने मकोका काढला, काही आरोपींना मोकळं केलं, पण ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह इतरांचे अर्ज फेटाळले.

फरक इथे आहे. यंत्रणेचं मत हे साहित्य नसतं. एनआयएच्या या अहवालात 'हा माणूस तिथे असणं शक्यच नव्हतं' असं सांगणारा कोठडीच्या नोंदीसारखा कागद नव्हता. एटीएसला दिलेल्या काही जबाबांपासून साक्षीदार फिरले होते आणि ते आधी दबावाखाली बोलले होते, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे न्यायालयापुढे एकाच माणसाचे दोन जबाब आले. त्यातला खरा कोणता, हे त्याला पिंजऱ्यात उभं करून, उलटतपासणी होऊन ठरायचं. आरोप निश्चितीच्या वेळी न्यायाधीशाने स्वतःच निवड केली तर तो न घेतलेल्या साक्षीवर निकाल देतो. स्फोटाशी जोडलेली मोटरसायकल ठाकूर यांच्या नावावर नोंदलेली होती. ती दुसऱ्याच्या ताब्यात होती का, हा प्रश्नही तसाच साक्षीचा होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सात जणांवर आरोप निश्चित झाले. सरकार पक्षाने ३२३ साक्षीदार तपासले, तीसहून अधिक फितूर झाले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही जण निर्दोष सुटले. मोटरसायकल ठाकूर यांची होती हेही सिद्ध झालं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की २०१७ मध्येच अर्ज मंजूर व्हायला हवे होते. मला हा अर्थ चुकीचा वाटतो. गंभीर संशय आणि निःसंशय पुरावा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिली चढलेला खटला दुसरीवर कोसळणं यात काही विसंगत नाही. स्फोटात माणूस गमावलेल्या घरांनी या आरोपींच्या अर्जांना विरोध केला होता. त्यांचा हक्क एवढाच होता की साक्षीदारांनी उघड न्यायालयात बोलावं. तो हक्क त्यांना मिळाला. शिक्षा मिळाली नाही.

उलट बाजू तालुका न्यायालयात जास्त दिसते. चांदवडच्या भागात द्राक्ष आणि कांद्याचे व्यवहार उधारीवर चालतात. समजा, व्यापाऱ्याने बागेतला माल उचलला, पहिला हप्ता दिला, पुढचा चेक वटला नाही, आणि शेतकऱ्याने फसवणुकीची फिर्याद दिली. फसवणुकीच्या गुन्ह्यात माल घेतानाच बुडवण्याचा इरादा हवा. आरोपपत्रात फक्त बिलं, चेक आणि 'पैसे दिले नाहीत' एवढेच जबाब असतील, तर ते सगळे खरे मानूनही थकबाकी सिद्ध होते, फसवणूक होत नाही. हा दोषमुक्तीचा शुद्ध मुद्दा आहे. पण त्याच कागदांत व्यापाऱ्याने खोटा पत्ता दिल्याचं, एकाच आठवड्यात अनेक बागांचा माल उचलून गोदाम रिकामं केल्याचं आलं, तर इराद्याचा गंभीर संशय तयार होतो आणि शेतकऱ्याला खटला मिळायला हवा. रक्कम किती मोठी, शेतकरी किती अडचणीत, याने उत्तर बदलत नाही. तरीही पहिल्या प्रकारच्या प्रकरणांत आरोप सर्रास निश्चित होतात, कारण खटला हा वसुलीचा दाब म्हणून सोयीचा ठरतो. व्यापाऱ्याच्या हातून शेतकऱ्याचं नुकसान खरंच झालेलं असतं, म्हणून हे सांगणं जड जातं. पण वसुलीसाठी दिवाणी दावा आहे, चेकसाठी वेगळं कलम आहे.

आरोप निश्चितीकडे असलेल्या या झुकावाचं एक कारण कायद्याच्या रचनेतच आहे. दोषमुक्त करायचं तर न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. आरोप निश्चित करताना कायदा तशी सक्ती करत नाही. हातात प्रकरणांचे गठ्ठे असलेल्या न्यायाधीशासाठी कोणता आदेश सोपा, हे उघड आहे. चुकीच्या दोषमुक्तीवर टीका लगेच होते. चुकीने उभ्या राहिलेल्या खटल्याची किंमत मात्र तारखांमध्ये विरून जाते.

नव्या संहितेने यात एक मुदत घातली आहे. सत्र न्यायालयात प्रकरण वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत आरोपीने दोषमुक्तीचा अर्ज करावा, असं कलम २५० म्हणतं. दिरंगाई थांबवण्याचा हेतू मला मान्य आहे. पण मालेगावच्या आरोपींना सोडवणारं साहित्य स्फोटानंतर जवळपास सात वर्षांनी कागदावर आलं. पुरवणी आरोपपत्र मुदतीनंतर आलं, म्हणून ते वाचायचं नाही का? माझ्या मते याचं उत्तर त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. कागदपत्रं पाहून, दोन्ही बाजू ऐकून आधार नाही असं वाटलं तर सोडण्याचं कर्तव्य तिथे न्यायाधीशावरच टाकलेलं आहे, आणि ते आरोपीच्या अर्जावर अवलंबून ठेवलेलं नाही. आरोपीने मुदत चुकवली तरी आरोप निश्चित करण्याआधी न्यायाधीशाला सगळे कागद वाचावेच लागतील, पुरवणी अहवालासकट.