तिघांना विचारलं, चौघांबद्दल सांगितलं

प्रथम वर्षाच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगतो. तेव्हा मी त्यांच्याच वयाचा होतो आणि तोच विषय नुकता शिकू लागलो होतो.

आई महिन्याच्या खर्चातले अडीच हजार रुपये देवघराखालच्या कप्प्यात, चहाच्या जुन्या डब्यात ठेवायची. एका सोमवारी सकाळी तिने ते मोजून ठेवले. मंगळवारी संध्याकाळी वाण्याचे पैसे द्यायला डबा उघडला, तर आत काही नव्हतं. आईने मला आणि ताईला विचारलं. आम्ही घेतले नव्हते. तिने स्वतःही घेतले नव्हते. बाबा सोमवारी रात्रीच्या एसटीने गावी गेले होते. उरल्या धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्या नऊ वर्षं आमच्याकडे येत होत्या.

आई कुणावर एकदम आळ घेणारी नव्हती. ती बराच वेळ गप्प बसून होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, म्हणून मी वही घेतली आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे मांडून दाखवलं. सोमवार सकाळ ते मंगळवार संध्याकाळ या वेळात पैसे कुणीतरी घेतले. त्या वेळात आपण चौघं आणि मावशी यांच्याशिवाय घरात कुणी आलं नाही. आपल्या चौघांपैकी कुणी घेतले नाहीत. म्हणून मावशींनी घेतले. मी आईला म्हणालो, ‘‘यात चूक काढताच येत नाही.’’

बुधवारी सकाळी आईने मावशींना विचारलं. आवाज न चढवता विचारलं, पण विचारलं. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली कापडी पिशवी स्वयंपाकघराच्या फरशीवर उलटी केली. एक रुमाल, घराची किल्ली, तंबाखूची डबी, रेशनचं कार्ड आणि सुटे आठ-दहा रुपये. त्यांनी एकेक वस्तू उचलून परत पिशवीत भरली आणि निघून गेल्या. गुरुवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारी रात्री बाबा गावाहून आले. आजीच्या औषधासाठी निघताना घाईत त्यांनीच डब्यातले पैसे घेतले होते. सांगायचं राहून गेलं होतं.

एवढी गोष्ट सांगून झाल्यावर मी मुलांना विचारतो, माझ्या वहीतल्या युक्तिवादात चूक होती का? जवळजवळ सगळे म्हणतात, ‘होती, कारण निष्कर्ष खोटा निघाला.’ मग मी म्हणतो, चूक नेमकी कुठल्या ओळीत होती ते बोट ठेवून दाखवा. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

ज्या युक्तिवादात निष्कर्ष आधारविधानांतून अटळपणे निघतो असा दावा असतो, त्याला निगामी म्हणतात. त्याची पहिली परीक्षा अशी : आधारविधानं खरी आहेत असं क्षणभर धरून चाला. तरीही निष्कर्ष खोटा ठरेल अशी एखादी परिस्थिती कल्पनेत तरी उभी करता येते का? येत नसेल, तर युक्तिवाद युक्त. कुणी त्याला वैध म्हणतात. माझी वही या परीक्षेला लावून पाहा. पैसे कुणीतरी घेतले, घरात पाचच माणसं होती आणि चौघांनी घेतले नाहीत हे खरं धरलं, तर मावशींशिवाय दुसरं कुणी उरतच नाही. कितीही ताणलं तरी सुटायला वाट नाही. म्हणजे माझा युक्तिवाद युक्त होता. त्या अर्थाने मी आईला खोटं सांगितलं नव्हतं.

पण या परीक्षेत ‘खरं धरलं, तर’ हे शब्द आहेत. आधारविधानं खरी आहेत का, हे ती परीक्षा विचारतच नाही. ती फक्त सांधे तपासते. मुलांना हे पटवायला मी एक मासा वापरतो. सगळे मासे सस्तन असतात. देवमासा हा मासा आहे. म्हणून देवमासा सस्तन आहे. पहिलं विधान खोटं आहे. दुसरंही खोटं आहे. नावात मासा असला तरी देवमासा मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो. तरीही हा युक्तिवाद युक्त आहे, कारण ती दोन विधानं खरी असती तर तिसरं टाळता आलं नसतं. आणि गंमत म्हणजे निष्कर्ष खराच आहे. अ‍ॅरिस्टॉटलने हे तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे : खऱ्या आधारविधानांतून युक्त मार्गाने खोटा निष्कर्ष कधीच निघत नाही, पण खोट्यांतून खरा निघू शकतो.

उलट बाजूही पाहायला हवी. मुंबईत राहणारे सगळे महाराष्ट्रात राहतात. माझा भाचा महाराष्ट्रात राहतो. म्हणून तो मुंबईत राहतो. समजा भाचा खरोखरच दादरला राहतो. तिन्ही विधानं खरी आहेत आणि तरी युक्तिवाद अयुक्त आहे. ओळखायचं कसं? साचा तसाच ठेवा आणि भाच्याच्या जागी नाशिकला राहणारी मामी घाला. आता वरची दोन्ही विधानं खरी राहतात, पण निष्कर्ष कोसळतो. जो साचा एकदा जरी खऱ्यातून खोट्याकडे नेतो, त्याच्यावर कधीच विसंबता येत नाही. भाच्याच्या बाबतीत निष्कर्ष खरा निघाला तो योगायोगाने. त्या दोन विधानांनी तो सिद्ध केला नव्हता.

म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सांधे घट्ट असणं ही एक आणि विधानं खरी असणं ही दुसरी. ज्या युक्तिवादात दोन्ही असतात, सांधे घट्ट आणि प्रत्येक आधारविधान खरं, त्यालाच निर्दोष म्हणायचं. निर्दोष युक्तिवादाचा निष्कर्ष खरा असतोच. नुसत्या युक्त युक्तिवादाचा असेल किंवा नसेल. माझा युक्तिवाद युक्त होता, निर्दोष नव्हता. सगळं वाटोळं तिसऱ्या ओळीत झालं : आपल्या चौघांपैकी कुणी घेतले नाहीत. आम्ही विचारलं होतं तिघांना. विधान केलं होतं चौघांबद्दल.

बाबांना का विचारलं नाही? गावात शेजाऱ्यांकडे फोन होता. निरोप ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं असतं. पण बाबांनी घेतले असते तर सांगितलं असतं, असं आम्ही गृहीत धरलं. ते इतकं सहज धरलं, की आपण काही गृहीत धरतोय हेच कळलं नाही. वहीवर लिहिताना तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींइतकीच ठाम दिसत होती. कागदावर सगळी विधानं सारखीच दिसतात. डोळ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं आणि मनाने धरून चाललेलं, सगळं एकाच अक्षरात उतरतं.

आपल्याकडच्या नैयायिकांना ही जागा नीट माहीत होती. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, म्हणून डोंगरावर आग आहे, हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. पण डोंगरावर दिसतंय ते धुकं असलं तर? ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम खराच राहतो, सांधाही तुटत नाही, फक्त धूर तिथे नसतो. अशा अनुमानाला ते हेत्वाभास म्हणत आणि बादच करत. नुसता सांधा जुळला म्हणून अनुमान झालं, असं त्यांनी मानलं नाही. पुढे केलेलं कारण प्रत्यक्षात तिथे आहे का, हेही त्यांच्या तपासणीचाच भाग होतं. आधुनिक तर्कशास्त्र हे दोन प्रश्न वेगळे करतं, आणि चूक नेमकी कुठे आहे हे शोधायला त्या वेगळेपणाचा फार उपयोग होतो. पण वेगळे केले म्हणून दुसरा प्रश्न सोडून द्यायचा नसतो.

इथे मुलं हमखास एक उलटी चूक करतात. आधारविधान खोटं निघालं की त्यांना वाटतं निष्कर्षही खोटा ठरला. देवमाशाने दाखवलंच आहे की तसं नाही. समजा बाबांनी त्या डब्यातले दोनच हजार घेतले असते, तरी माझी तिसरी ओळ खोटीच ठरली असती. पण उरलेल्या पाचशेंबद्दल तेवढ्यावरून काहीच ठरलं नसतं, ना मावशींच्या बाजूने ना विरुद्ध. आधार गेला की निष्कर्ष सिद्ध झालेला राहत नाही, एवढंच म्हणता येतं. खरं काय ते पुन्हा शोधावं लागतं.

युक्ततेचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला त्या दिवशी सुचला नाही. साखळी युक्त असेल आणि निष्कर्ष खोटा असेल, तर आधारविधानांपैकी किमान एक खोटं असलंच पाहिजे. म्हणजे साखळी दोन्ही दिशांनी ओढते. नऊ वर्षांत मावशींना कितीदा घर उघडं मिळालं होतं. आईने कपडे भिजवताना खिशात राहिलेल्या नोटा त्यांनी किती वेळा आणून दिल्या होत्या. मावशींनी चोरी केली हा निष्कर्ष या सगळ्याशी जुळत नव्हता. इतक्या न जुळणाऱ्या निष्कर्षावर पोहोचलो तेव्हा मी मागे वळून एकेका ओळीला विचारायला हवं होतं : तू कशावरून? पहिलीला उत्तर होतं, आईने मोजले होते. दुसरीला होतं, दार दिवसभर आमच्या नजरेसमोर होतं. तिसरीला उत्तर नव्हतं. मी मात्र साखळीला एकाच दिशेने ओढू दिलं, मावशींच्या दिशेने.

शुक्रवारी आई, बाबा आणि मी मावशींच्या घरी गेलो. आईने हात जोडले. मावशींनी आम्हाला बसायला चटई दिली, चहा केला. बाबांनी त्यांना कामावर यायची विनंती केली. त्या म्हणाल्या, ‘‘पैसे सापडले, बरं झालं.’’ त्या परत आल्या नाहीत.

म्हणून वर्गातल्या मुलांना मी एक सवय लावतो. कुणाबद्दल काही सिद्ध करायचं असेल तेव्हा प्रत्येक आधारविधानापुढे समासात लिहायचं : पाहिलं, विचारलं की धरून चाललो. सांधे जागेवर बसून तपासता येतात, त्याला वही पुरते. विधानांचा खरेपणा तपासायला जागेवरून उठावं लागतं. डबा उघडावा लागतो, फोन लावावा लागतो, चौथ्या माणसाला गाठावं लागतं. जो दुसऱ्यावर दोष ठेवणार आहे, उठण्याचं काम त्याचं. त्या दिवशी माझ्या समासात तिसऱ्या ओळीपुढे ‘धरून चाललो’ असं लिहिलेलं असतं, तर ती वही मी आईसमोर ठेवली नसती.