बहात्तरची जोडीदार संख्या

दोन संख्यांचा मसावि १२ आहे, लसावि ३६० आहे आणि त्यांतली एक संख्या ७२ आहे. तर दुसरी कोणती? शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत हे उदाहरण आकडे बदलून पुन्हा पुन्हा भेटते. ते सोडवण्याचे सूत्रही बहुतेकांना तोंडपाठ असते: दोन संख्यांचा गुणाकार त्यांच्या मसावि आणि लसाविच्या गुणाकाराएवढा असतो. त्याप्रमाणे १२ × ३६० = ४३२०, त्याला ७२ ने भागले की ६०. सूत्र बरोबर आणि उत्तरही बरोबर. मात्र संख्या आधी चार हजारांच्या वर चढवायची आणि मग भागून खाली आणायची या खटाटोपात एक छोटा आकडा नजरेआड होतो. तो आकडा ५. ज्यांनी हा विचार पहिल्यांदा नीट मांडला त्यांची वाट या पाचावरूनच गेली होती.

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाचा काळ सुमारे इ.स.पू. ३०० धरला जातो. त्याच्या सातव्या खंडाची सुरुवातच दोन संख्यांचे सर्वांत मोठे सामाईक माप शोधण्यापासून होते. युक्लिड संख्या रेषेच्या तुकड्याने दाखवतो, आणि एका संख्येने दुसरीला नि:शेष भाग जातो याचा अर्थ छोटा तुकडा मोठ्या तुकड्यावर काही वेळा ठेवला की तो पुरेपूर मोजला जातो. ७२ मधून ६० वजा केले की १२ उरतात. ६० मधून १२ पाच वेळा काढले की काहीच उरत नाही. म्हणजे १२ ही दोन्ही तुकड्यांना मोजणारी सर्वांत मोठी पट्टी. या पट्टीने मोजल्यावर एका तुकड्यात ६ आणि दुसऱ्यात ५ मापे भरतात. ६ आणि ५ यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. तसा तो असता तर १२ हून मोठी पट्टी निघाली असती.

त्याच खंडातल्या चौतिसाव्या विधानात लसावि काढण्याची रीत आहे. दोन संख्या सहमूळ असतील तर त्यांचा सरळ गुणाकार करायचा. नसतील तर त्यांच्याच गुणोत्तरातल्या सर्वांत लहान संख्या, आपल्या उदाहरणात ६ आणि ५, शोधायच्या आणि तिरका गुणाकार करायचा: ७२ × ५ किंवा ६० × ६. दोन्हीकडून ३६० येतात. याहून लहान सामाईक विभाज्य का मिळत नाही, हेही त्यातूनच दिसते. ७२ च्या एखाद्या पटीला ६० ने भाग जायचा असेल, तर दोन्हींतले १२ बाजूला काढल्यावर ६ च्या तेवढ्याच पटीला ५ ने भाग जायला हवा. ६ कडून ५ ला काहीच मदत नाही, तेव्हा ती पट ५ ची किंवा ५ च्या पटीतलीच असणार.

मसावि आणि लसाविच्या गुणाकाराचे आजचे सूत्र या विधानात नाही, पण ते तिथून एका पावलावर आहे. ६० म्हणजे १२ × ५. म्हणून ७२ × ६० म्हणजे ७२ × ५ × १२, आणि त्यातला ७२ × ५ हाच लसावि. हीच साखळी उलटी वाचली की हरवलेली संख्या सापडते. लसाविला दिलेल्या संख्येने भागले, ३६० ÷ ७२, की ५ मिळतात. हा ५ म्हणजे दुसऱ्या संख्येतली मापे. प्रत्येक माप १२ चे, म्हणून संख्या ६०. चार अंकी गुणाकाराची गरजच पडत नाही. हिशेब तोंडी होतो, आणि आपण काय शोधतो आहोत हेही प्रत्येक पायरीवर कळते. पाठ्यपुस्तकांनी आधी भागाकार आणि मग गुणाकार असा क्रम ठेवला असता तर बरे झाले असते.

भारतात हा विचार दोन वेगवेगळ्या गरजांतून वाढला. पहिली गरज कुट्टकाची. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त दोन संख्यांनी एकमेकींना आलटून पालटून भागत जाण्याची रीत येते. तिथला हेतू मसावि काढण्याचा नव्हता. ठरावीक बाक्या सोडणारी संख्या शोधण्याचा होता. तरी क्रिया तीच, फक्त पुन्हा पुन्हा वजाबाकी करण्याऐवजी थेट भागाकार. दुसरी गरज अपूर्णांकांच्या बेरजेची. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. छेदांचे सामाईक अवयव आणि शेवटी उरलेले भागाकार यांचा गुणाकार करून जी संख्या मिळते तिला त्यांनी ‘निरुद्ध’ असे नाव दिले. हाच आजचा लसावि.

या दोन धारा भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त एकत्र आलेल्या दिसतात. दोन अपूर्णांकांचे छेद समान करताना पूर्ण छेदाने गुणण्याऐवजी संक्षेप दिलेल्या छेदाने गुणावे, अशी सूचना त्यात आहे; जाणत्याने असे करावे, असा तिचा सूर आहे. समजा ७/६० आणि ५/७२ यांची बेरीज करायची आहे. थेट गुणाकार केला तर छेद ४३२० होतो. दोन्ही छेदांना १२ ने संक्षेप दिला तर ५ आणि ६ उरतात. मग पहिल्या अपूर्णांकाचे अंश-छेद ६ ने आणि दुसऱ्याचे ५ ने गुणायचे: ४२/३६० आणि २५/३६०, बेरीज ६७/३६०. थेट गुणाकारातले ४३२० आणि संक्षेपानंतरचे ३६० यांच्यात बरोबर १२ पटींचा फरक आहे. गुणाकाराचे सूत्र म्हणते ते एवढेच: दोन संख्या थेट गुणल्या की मसावि एकदा जास्तीचा मोजला जातो. ६ आणि ५ ही युक्लिडचीच मापे, फक्त इथे ती भूमितीऐवजी छेद हलका करण्याच्या व्यवहारातून आली.

तिसरी दृष्टी बरीच उशिरा आली. कार्ल फ्रीड्रिश गाउस यांनी १८०१ मधल्या ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ या ग्रंथात प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे सिद्ध केले, आणि पाठोपाठ त्या अवयवांवरून मसावि आणि लसावि कसे काढायचे ते सांगितले. ७२ म्हणजे २³ × ३², आणि ६० म्हणजे २² × ३ × ५. मसाविसाठी प्रत्येक मूळ संख्येचा लहान घातांक घ्यायचा, लसाविसाठी मोठा. २ चे घातांक ३ आणि २. त्यांतला एक मसाविकडे जातो, दुसरा लसाविकडे. ३ आणि ५ चेही तसेच. दोन घातांकांतला एक लहान आणि एक मोठा असणारच, आणि समान असले तर दोघांना सारखाच मिळणार. काहीही हरवत नाही, काहीही दोनदा मोजले जात नाही. गुणाकाराचे सूत्र का खरे आहे याचे याहून स्वच्छ कारण सापडणे कठीण.

घातांकांच्या या नजरेने पाहिले की सूत्राची एक धोक्याची जागाही दिसते. मसावि ६, लसावि ७२ आणि एक संख्या १२ असे उदाहरण घेऊ. सूत्र वापरले की ४३२ ÷ १२ = ३६. पूर्णांक, सुबक उत्तर. संशय येण्याचे काहीच कारण नाही. पण १२ आणि ३६ यांचा मसावि १२ आहे, ६ नाही, आणि लसावि ३६ आहे, ७२ नाही. गुणाकार जुळला, बाकी काहीच जुळले नाही. दोष सूत्राचा नाही, प्रश्नाचा आहे. अशी संख्या अस्तित्वातच नाही.

का नाही, ते २ च्या घातांकांत दिसते. ६ मध्ये २ चा घातांक १ आहे, ७२ मध्ये ३. तेव्हा दोन संख्यांपैकी एकीत तो १ आणि दुसरीत ३ असायला हवा. १२ मध्ये तो २ आहे, म्हणजे दोन्ही टोकांना सोडून अधेमधे लटकलेला. अवयव न पाडताही याची परीक्षा करता येते. दिलेल्या संख्येला मसाविने भागावे आणि लसाविला दिलेल्या संख्येने. दोन्ही भाग नि:शेष जायला हवेत आणि येणारे भागाकार सहमूळ हवेत. १२ ÷ ६ = २ आणि ७२ ÷ १२ = ६; यांत २ सामाईक निघाला, म्हणून प्रश्नच चुकीचा. पहिल्या उदाहरणात ७२ ÷ १२ = ६ आणि ३६० ÷ ७२ = ५ सहमूळ होते, म्हणून तिथे उत्तर टिकले. भास्कराचार्यांनी कुट्टकात असाच विचार केला आहे. भाज्य आणि भाजक यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपालाही भाग जात नसेल, तर त्या प्रश्नाला ते ‘दुष्ट’ म्हणतात. उत्तर शोधण्याआधी प्रश्न तपासण्याची ही सवय आजच्या सूत्रपाठात जवळजवळ उरलेली नाही.

मसावि ६ आणि लसावि ७२ असताना मुळात कोणत्या जोड्या संभवतात? ७२ ÷ ६ = १२, आणि १२ चे दोन सहमूळ भाग दोनच प्रकारे पडतात: १ आणि १२, किंवा ३ आणि ४. त्यांना ६ ने गुणले की जोड्या मिळतात ६ व ७२, आणि १८ व २४. म्हणजे दिलेली संख्या या चारांपैकीच एक असायला हवी. १२ आणि ३६ यांना ६ ने भाग जातो, त्या दोन्हींनी ७२ ला भाग जातो, तरी त्या या यादीत नाहीत. याउलट मसावि १२ आणि लसावि ३६० असतील तर ३६० ÷ १२ = ३०, आणि ३० मध्ये २, ३ आणि ५ प्रत्येकी एकदाच येतात. त्यामुळे १२ ने विभाज्य असलेला ३६० चा कोणताही विभाजक तिथे चालतो: १२ बरोबर ३६०, २४ बरोबर १८०, ३६ बरोबर १२०, ६० बरोबर ७२. अशा ठिकाणी दुष्ट प्रश्न तयारच होत नाही. कदाचित म्हणूनच हा दोष सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

सूत्राची दुसरी मर्यादा संख्यांच्या मोजणीत आहे. तीन संख्यांत मधला घातांक मसाविकडेही जात नाही आणि लसाविकडेही नाही, त्यामुळे गुणाकार सहसा जुळत नाही. ४, ६ आणि ८ यांचा मसावि २, लसावि २४. त्यांचा गुणाकार ४८, तर संख्यांचा १९२. हरवलेली संख्याही मग एकच राहत नाही. तीन संख्यांचा मसावि १, लसावि ३० आणि दोन संख्या ६ व १० दिल्या, तर तिसरी १५ चालते, ५ चालते आणि ३ सुद्धा चालते.