थांबवण्याचा अधिकार

व्यवस्थापनाच्या वर्गात नेतृत्वाचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने पडतात. एका बाजूला व्यवहाराधारित नेतृत्व : काम ठरलेले, मोबदला ठरलेला, चुकले तर कारवाई. दुसऱ्या बाजूला परिवर्तनवादी नेतृत्व : ध्येय, प्रेरणा, स्वतः विचार करायला लावणे, माणसामाणसाकडे लक्ष. विद्यार्थी पहिला रकाना हिशेबी आणि दुसरा थोर असे धरून पुढच्या धड्याकडे वळतात. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये राजकीय नेत्यांविषयी ही मांडणी केली, तेव्हा दोन्ही प्रकार त्यांनी खरोखरच दोन टोकांना ठेवले होते. बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये ती संस्थांच्या कारभाराला लावली आणि एक महत्त्वाची दुरुस्ती केली : एकच माणूस दोन्ही तऱ्हांनी वागतो, आणि परिवर्तन हे व्यवहाराच्या जागी येत नाही, त्याच्यावर भर घालते. फळ्यावर ही दुरुस्ती बहुतेकदा येत नाही. ती का लागते, हे आयसीयूमधल्या एका नळीवरून समजते.

त्या नळीला रुग्णालयात सगळे सेंट्रल लाइन म्हणतात. मानेतल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून ती हृदयाजवळ नेतात, आणि तिच्यातूनच जंतू थेट रक्तात शिरू शकतात. हे टाळायचे उपाय साधे आहेत. हात धुवायचे, कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसायची, डॉक्टरने टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकायचे, शक्यतो जांघ टाळायची, आणि गरज संपली की नळी काढून टाकायची. यातले काहीही डॉक्टरांना नवीन नव्हते. तरीही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी २००१ च्या सुमारास सिस्टरांना महिनाभर नुसते बघायला सांगितले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत निदान एक पायरी गाळली जात असल्याचे दिसले.

इथे व्यवहारी व्यवस्थापकाने काय केले असते? परिपत्रक काढले असते, प्रत्येक पायरीपुढे सही घेतली असती, गाळणाऱ्याला मेमो दिला असता. प्रोनोवोस्ट यांनी यादी केलीच, पण ती सिस्टरांच्या हाती दिली. डॉक्टरने पायरी गाळली तर सिस्टरने त्यांना तिथेच थांबवायचे, आणि प्रशासन सिस्टरच्या पाठीशी उभे राहील, असे ठरले. शिवाय साहित्य आठ ठिकाणी विखुरलेले होते, ते एका ढकलगाडीवर आणले. वर्षभरात, नळी घातल्यापासून दहा दिवसांतल्या संसर्गाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आले. मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घराण्यातले शल्यविशारद अतुल गवांदे यांनी २००७ मध्ये या यादीवर लिहिले आणि ती जगभर गाजली. गाजली ती यादी. सिस्टरचा अधिकार मात्र तिच्या सावलीत राहिला.

पण तो अधिकार नीट पाहिला तर चूक होताना लक्ष ठेवणे आणि लगेच रोखणे हे बास यांच्या वर्गवारीत सरळसरळ व्यवहारी नेतृत्वाच्या रकान्यात बसते. ‘अपवादापुरते सक्रिय व्यवस्थापन’ असे त्याला म्हणता येईल. म्हणजे कृती व्यवहारी आहे. पण ती करणारी व्यक्ती उतरंडीत खालची आहे आणि जिला रोखायचे ती वरची. आयसीयूत ज्याने काम केले आहे त्याला कळेल, ‘सर, चादर अर्धीच टाकलीय’ हे चार शब्द म्हणायला किती धीर लागतो. ते शब्द बिनधोक उच्चारता येऊ लागले, हे परिवर्तन. यादी हे त्याचे निमित्त.

हाच प्रयोग मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंमध्ये नेला, तेव्हा बास यांची दुरुस्ती आणखी उघड झाली. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी क्लोरहेक्सिडीन हाताशी नव्हते. सिस्टरने कितीही धीराने थांबवले, तरी कपाटात औषध नसेल तर पुढे काय? म्हणून प्रत्येक आयसीयूला रुग्णालयातला एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला. त्याने वॉर्डात यायचे, तक्रारी ऐकायच्या आणि खरेदीचे अडलेले काम मार्गी लावायचे. मागणीपत्र, मंजुरी, पुरवठा : हा शुद्ध व्यवहार, आणि त्याच्याशिवाय पुढचे काही झाले नसते. प्रत्येक आयसीयूला स्वतःच्या संसर्गाचे आकडे नियमित परत मिळत. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळीच्या दर हजार दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले संसर्ग दीड वर्षात १.४ वर आले होते.

आता याच संसर्गाला निव्वळ पहिल्या रकान्यातून लावलेला हात पाहा. ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकी सरकारच्या मेडिकेअर योजनेने ठरवले, की रुग्णालयातच झालेल्या अशा संसर्गाच्या उपचाराचे जादा पैसे मिळणार नाहीत. ठरलेल्या कामाला ठरलेला दंड, याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेकडो रुग्णालयांचे आकडे तपासले गेले. संसर्ग आधीपासूनच घटत होते. नियमानंतर त्या घसरणीत काही फरक पडलेला दिसला नाही. दंडाची रक्कम लहान होती हे एक कारण सांगता येईल. मला दुसरे अधिक पटते : दंड बसे रुग्णालयाच्या हिशेबखात्यावर, आणि चादर अर्धी टाकणाऱ्या निवासी डॉक्टरला त्या खात्याचा पत्ताही नसे. व्यवहार जिथे काम घडते तिथवर पोचलाच नाही.

इतक्यावर दुसऱ्या रकान्याचा जयजयकार करावा, तर इंग्लंड आडवे येते. तिथे २००९ पासून ‘मॅचिंग मिशिगन’ नावाने तोच कार्यक्रम आखला गेला. यादी तीच, पायऱ्या त्याच. संसर्ग उतरले, पण कार्यक्रमात अजून न आलेल्या आयसीयूंमध्येही ते तसेच उतरत होते. त्यामुळे श्रेय कुणाचे हे ठरेना. समाजशास्त्रज्ञ मेरी डिक्सन-वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डात बसून पाहिले, तेव्हा अनेकांना तो वरून लादलेला सरकारी उपक्रम वाटत असल्याचे आढळले. मागच्या मोहिमांचा अनुभवही कडू होता. परिवर्तनाची कृती जशीच्या तशी उचलली, आणि पोचली ती परिपत्रक होऊन.

त्यांच्या आणखी एका निरीक्षणाकडे नेतृत्वाचे अभ्यासक फारसे बघत नाहीत. संसर्ग मोजायचा म्हणजे रक्त तपासायला पाठवायचे, आणि ताप आला की लगेच नमुना पाठवायचा की थांबून बघायचे, हे प्रत्येक आयसीयूत वेगळे होते. जो जास्त शोधतो त्याला जास्त सापडतात. अशा आकड्यावर बक्षीस किंवा दंड लावला तर प्रामाणिकपणे शोधणारा विभाग गुन्हेगार ठरतो आणि नमुने कमी पाठवणारा आदर्श. म्हणून संसर्ग झपाट्याने घटलेला दिसला, की रक्ताच्या नमुन्यांची संख्याही त्याच काळात घटली का, हे आधी पाहावे. मिशिगनचे आकडेही रुग्णालयांनी स्वतःच दिलेले होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, तेव्हा हीच तपासणी त्यांनाही लागू पडते. फरक इतकाच, की तिथे आकडा लपवून कुणाच्या पदरात काही पडणार नव्हते.